गच्चीचा लेप लिटरमध्ये मोजा

गच्चीला वॉटरप्रूफिंगचा लेप लावायचा ठरला की ठेकेदाराचं बोलणं बहुतेक वेळा ‘तीन हात मारून देतो’ इथे येऊन थांबतं आणि घरमालकाचं ‘स्क्वेअर फुटाला किती घेणार?’ इथे. एका चौरस मीटरवर किती लिटर माल जाणार, हा प्रश्न कुणी विचारतच नाही. गच्ची गळणार की नाही, हे बरंचसं त्याच्याच उत्तरावर ठरतं. हात किती मारले यावरून काहीच कळत नाही. त्याच तीन हातांत एक मिस्त्री चाळीस लिटर संपवतो, दुसरा दीडशे.

इथे मी एकाच प्रकारच्या लेपाबद्दल बोलणार आहे, कारण घरगुती गच्च्यांवर तोच सर्वांत जास्त वापरला जातो. हा पांढरा किंवा राखाडी, पाण्यात कालवता येणारा, वाळल्यावर रबरासारखा ताणला जाणारा ऍक्रिलिकचा लेप २० लिटरच्या बादलीत मिळतो. पॉलियुरेथेनचा किंवा सिमेंट मिसळून करायचा लेप असेल तर आकडे बदलतील, हिशोबाची रीत तीच राहील.

रीत अगदी सोपी आहे. एक लिटर द्रव एक चौरस मीटरवर सारखा पसरला की त्याचा थर बरोबर एक मिलिमीटर जाड होतो. म्हणजे ‘लिटर प्रति चौरस मीटर’ हा आकडाच ओल्या थराची मिलिमीटरमधली जाडी असतो. अर्धा लिटर लावला तर अर्धा मिलिमीटर, दीड लिटर लावला तर दीड मिलिमीटर. पण लेपातलं पाणी नंतर उडून जातं आणि मागे उरतो तो फक्त घनभाग. कंपनीच्या टेक्निकल डेटा शीटवर तो ‘व्हॉल्यूम सॉलिड्स’ या नावाने टक्क्यांत दिलेला असतो. छतांच्या ऍक्रिलिक लेपासाठी असलेल्या एएसटीएम डी ६०८३ या अमेरिकन मानकात हा भाग ५० टक्क्यांहून अधिक असावा अशी अट आहे. हिशोबाला आपण ५० टक्केच धरू. मग दीड लिटरचा दीड मिलिमीटर ओला थर वाळून पाऊण मिलिमीटर उरतो. पुढे ऊन, पाऊस, पायांची वर्दळ आणि स्लॅबची हालचाल सोसायची असते ती या पाऊण मिलिमीटरने.

आता बादलीवरचा आकडा बघा. आपल्याकडे तो बहुधा ‘एका लिटरला इतके चौरस फूट’ असा उलटा लिहिलेला असतो. तो सुलटा करायला १०.७६ ला त्या आकड्याने भागायचं, कारण एका चौरस मीटरमध्ये १०.७६ चौरस फूट असतात. बादलीवर ‘लिटरला २५ चौरस फूट’ लिहिलं असेल तर उत्तर येतं ०.४३ लिटर प्रति चौरस मीटर. हा आकडा एका हाताचा असेल तर ठीक, तसे तीन-चार हात देता येतील. सगळे हात मिळून एवढाच माल जाणार असेल, तर वाळलेला थर जेमतेम ०.२ मिलिमीटर उरेल. झेरॉक्सचे दोन कागद एकावर एक ठेवले तर जेवढी जाडी होते, तेवढा. त्यामुळे बादलीवर किंवा डेटा शीटवर तो आकडा किती हातांचा आहे आणि वाळल्यावर किती जाडी सांगितली आहे, हे दोन्ही शोधायला हवं. जाडी सांगितलेलीच नसेल तर तो लेप मी गच्चीच्या रंगात धरेन, वॉटरप्रूफिंगमध्ये नाही.

काही माल किलोने विकला जातो आणि तिथे आणखी एक गफलत होते. हे लेप पाण्यापेक्षा जड असतात. लिटरला १.३ किलो वजन असलेल्या लेपाच्या २० किलोच्या बादलीत लेप निघतो साधारण १५ लिटर. बादली तेवढीच मोठी दिसते, म्हणून हा फरक लक्षात येत नाही.

एक गच्ची प्रत्यक्ष मोजून पाहू. एका बंगल्याची गच्ची कठड्याच्या आतून १२ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद आहे. एका कोपऱ्यात जिन्याची केबिन, ४ मीटर बाय अडीच मीटर. मधोमध चार खांबांवर पाण्याची टाकी. पूर्ण गच्ची ९६ चौरस मीटर, त्यातून केबिनचे १० गेले, म्हणजे तळ उरला ८६. ठेकेदार मोजमाप इथेच थांबवतो, कारण टेप जमिनीवर धरून मोजायची सवय असते. पण लेप भिंतीवरही चढवायचा आहे. केबिन कोपऱ्यात असली तरी परिघ कमी होत नाही. कठड्याची जेवढी लांबी तिने झाकली, तेवढीच तिच्या स्वतःच्या दोन भिंतींनी पुन्हा मिळते. परिघ ४० मीटरच राहतो. त्यावर ३० सेंटिमीटर, म्हणजे एक फूट उंच लेप चढवायचा तर १२ चौरस मीटर वाढले. टाकीचे खांब आणि वर आलेले पाइप यांच्याभोवतीचे दोन चौरस मीटर धरले की एकूण झाले १००.

शंभर चौरस मीटरला दीड लिटरप्रमाणे १५० लिटर लागतील. गच्चीचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत नसतो. कोब्याचे खळगे, खरखरीतपणा, रोलरला आणि बादलीला चिकटून राहणारा माल यांसाठी दहा टक्के वाढवले की १६५. सुरुवातीला प्रायमर म्हणून याच लेपात तेवढंच पाणी मिसळून एक पातळ हात देतात, त्याला अंदाजे १० लिटर लेप जातो. हा प्रायमर कोब्यात मुरतो आणि पकड देतो, त्याला जाडीत धरायचं नाही. एकूण १७५ लिटर, म्हणजे २० लिटरच्या नऊ बादल्या आणि त्यातले पाचेक लिटर शिल्लक.

बाजारातला नेहमीचा हिशोब काय म्हणतो? ९६ चौरस मीटर म्हणजे सुमारे १०३३ चौरस फूट. लिटरला २५ चौरस फूट. म्हणजे ४१ लिटर, दोन बादल्या. एकाच गच्चीला एकाच्या कोटेशनमध्ये दोन बादल्या आणि दुसऱ्याच्या कोटेशनमध्ये नऊ, आणि दोघांच्याही कागदावर ‘वॉटरप्रूफ कोटिंग, तीन हात’ असंच लिहिलेलं. भाव एवढे वेगळे का, याचं उत्तर बहुतेक वेळा इथे असतं. स्वस्त भाव देणारा माणूस लबाडच असतो असं नाही. त्याला ज्या दरात काम बसवायला सांगितलं जातं, त्या दरात दोनच बादल्या बसतात.

दीड लिटर लावायचाच आहे तर एकदम ओतून का पसरवू नये? कारण ऍक्रिलिकमधलं पाणी फक्त वरून बाहेर पडू शकतं. जाड थरावर मेच्या उन्हात काही मिनिटांत साय धरते, खालचं पाणी कोंडतं आणि मग वाफेचे फुगे तरी येतात किंवा सुकलेल्या तळ्यातल्या चिखलासारख्या भेगा तरी पडतात. म्हणून चौरस मीटरला अर्धा लिटर असे तीन हात. पहिला हात गच्चीच्या लांबीच्या दिशेने, दुसरा आडवा, तिसरा पुन्हा लांबीने, म्हणजे एका हातात राहिलेली सुईच्या टोकाएवढी भोकं पुढच्या हाताखाली बुजतात. दोन हातांमध्ये डेटा शीटवर दिलेला वेळ जाऊ द्यायचा. बोट दाबून पाहिलं तर चिकटायला नको आणि नख रुतायलाही नको. काम सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करावं; दुपारी तापलेल्या कोब्यावर लेप पसरण्याआधीच ओढला जातो आणि मिस्त्री मग तो सैल करायला पाणी घालतो. हे पाणी फक्त प्रायमरला चालतं. वरच्या हातांत एक लिटर पाणी मिसळलं की जागा तेवढीच झाकते, पण लेप तेवढाच कमी लागतो.

माल खरंच ठरल्याप्रमाणे जातोय का, हे पाहायला खडू पुरतो. अर्ध्या लिटरच्या हिशोबाने २० लिटरची बादली ४० चौरस मीटरवर संपायला हवी. आपली गच्ची ८ मीटर रुंद, म्हणजे जिथे मधे केबिन येत नाही तिथे दर ५ मीटरवर खडूची रेघ मारायची. मिस्त्री रेघेपाशी पोचला आणि बादलीत अजून निम्मा माल असेल, तर हात निम्म्या जाडीचा बसतोय. रेघेच्या बऱ्याच अलीकडेच बादली संपली, तर कोबा जास्त पितोय आणि अंदाज वाढवायला हवा. याशिवाय रंगकामाच्या दुकानांत पत्र्याचा एक छोटा कंगवा मिळतो. त्याच्या दातांवर मायक्रॉनचे आकडे असतात. तो ओल्या लेपात उभा टेकवायचा. ५०० चा दात भिजला तर अर्धा मिलिमीटर थर बसला आहे. कंगवा टेकवलेल्या जागी ब्रश फिरवला की खूण उरत नाही. आणि रिकाम्या बादल्या काम संपेपर्यंत गच्चीवरच ठेवायला सांगाव्यात, मोजायला.

आता कठडा. पावसाळ्यात खोलीच्या छतावर जो ओला डाग उमटतो, तो पुष्कळदा छताच्या मध्यावर नसून भिंतीलगत असतो. त्याचं मूळ वर कठड्याच्या पायथ्याशी सापडतं. स्लॅब काँक्रीटचा, कठडा विटांचा. दोन्ही वेगवेगळ्या दिवशी बांधलेले आणि उन्हात वेगवेगळे हलणारे. काँक्रीट दर अंशाला लांबीच्या साधारण एक लाखांश भाग प्रसरण पावतं. पहाटेपासून दुपारपर्यंत स्लॅब ३० अंशांनी तापला तर १२ मीटरच्या गच्चीत साडेतीन मिलिमीटरची वाढ होते आणि रात्री ती परत जाते. रोजच्या या ये-जाचा ताण सांध्यावर येतो आणि कठड्याच्या पायाशी केसासारखी आडवी चीर पडते. गच्चीच्या उतारावरून वाहणारं पाणीही कडेने फिरत त्या चिरेवरूनच जातं. तळावर नऊ बादल्या ओतून ही कड कोरडी राहिली, तर सगळी मेहनत वाया जाते.

म्हणून कामाची सुरुवात या सांध्यापासून होते. चीर आधी खरवडून ‘व्ही’च्या आकाराची करायची, झाडून साफ करायची आणि लवचिक सीलंटने भरायची. मग काटकोनात वाटा करायचा, म्हणजे पॉलिमर घातलेल्या सिमेंटच्या मसाल्याने भिंत आणि तळ यांच्यामध्ये दोन-तीन इंचांची गोलाई द्यायची. जुन्या कोब्याच्या गच्च्यांवर हा वाटा आधीपासून असतो, पण तो भिंतीपासून सुटलेला आहे का हे ठोकून पाहावं लागतं. पोकळ आवाज आला तर फोडून नवा करायचा. वाट्याचं काम नुसतं पाणी वळवण्याचं नाही. काटकोनात लेपाला कडेपर्यंत सारखी जाडी मिळत नाही, कोपऱ्याच्या अगदी आत तो साचतो आणि तिथेच फाटतो. गोलाईवर तो सलग बसतो. वाट्यावर पहिला हात ओला असतानाच फायबरची जाळी अंथरायची, साधारण २० सेंटिमीटर रुंद पट्टी, निम्मी तळावर आणि निम्मी भिंतीवर. ब्रशने दाबून जाळीचे डोळे लेपाने भरेपर्यंत तिला बसवायचं, सुरकुती राहू द्यायची नाही. जाळीमुळे सांधा हलला तरी लेपाला एकाच रेषेत सगळा ताण सोसावा लागत नाही.

भिंतीवर लेप कुठवर चढवायचा? कमीत कमी १५ सेंटिमीटर आणि जागा असेल तर ३० सेंटिमीटर. ही उंची मोजायची ती तयार झालेल्या गच्चीच्या पृष्ठभागापासून, आणि तीही जिथे उतार सुरू होतो त्या सगळ्यात उंच जागी. पाइपच्या तोंडाशी मोजली तर ती उगाच भरपूर वाटते आणि दुसऱ्या टोकाला चार बोटंच उरतात. पावसाचे थेंब फरशीवर आपटून भिंतीवर वीतभर उडतात, वारा ते आणखी वर ढकलतो, आणि जाळीत पानं अडकून पाणी तुंबलं तर पातळी चढतेच. त्यात भिंतीवर ओला लेप ओघळतो, त्यामुळे अर्धा लिटर एका हातात तिथे टिकत नाही. उभ्या भागाला तीनऐवजी चार पातळ हात ब्रशनेच द्यावे लागतात. रोलर फिरवणारा माणूस कडेला आला की घाईने वर एक फराटा मारतो आणि पुढे जातो. याच ठिकाणी मालकाने उभं राहावं असं मला वाटतं.

लेपाची वरची कड बहुतेकांच्या नजरेतून निसटते. लेप एक फूट चढवून तिथे नुसता सोडून दिला, तर वरून प्लास्टरवर ओघळणारं पाणी त्या कडेच्या मागे शिरतं आणि लेपाच्या पाठीमागून खाली सांध्यात पोचतं. बाहेरून सगळं पांढरंशुभ्र आणि धड दिसतं. यासाठी ठरलेल्या उंचीवर प्लास्टरमध्ये बोटाच्या पेराएवढी खाच कापायची, लेप त्या खाचेत वळवायचा आणि खाच सीलंटने बुजवायची. कठडा अर्ध्या विटेचा आणि बुटका असेल तर मी खाचेच्या भानगडीत न पडता लेप आतल्या पूर्ण उंचीवर चढवून माथ्यावरून पलीकडच्या कडेपर्यंत नेईन, कारण अशा कठड्याच्या माथ्यावरच्या चिरांतूनही पाणी आत उतरतं. लिटर वाढतील. एक मीटर उंच कठडा धरला तर आपल्या गच्चीत ३० चौरस मीटरच्या आसपास आणखी भिंत येते, म्हणजे दोन-अडीच बादल्या जादा. प्लास्टर पोकळ असेल तर मात्र त्यावर कितीही लेप लावून उपयोग नाही. तो प्लास्टरला धरेल, पण प्लास्टर विटेला धरत नाही.

जिन्याच्या दारापाशी पेच पडतो. उंबरठा दोन इंचांचाच असला तर एक फूट सोडाच, वीतभरही चढवायला जागा नसते. उंबरठा उंच करून घेणं हाच खरा उपाय. निदान १५ सेंटिमीटर. पावसाळी पाइपच्या तोंडाशी उलट, लेप खाली उतरवावा लागतो. जाळी काढून लेप आणि फायबर पाइपच्या आत दोनेक इंच वळवायचे आणि मग जाळी परत बसवायची.

या लेपाला काही मर्यादा आहेत आणि त्या दीड लिटरने बदलत नाहीत. पाणी आठ-दहा दिवस साचून राहणाऱ्या खळग्यात ऍक्रिलिक मऊ पडतं, पकड सोडतं. तिथे आधी उतार दुरुस्त करायला हवा. ज्या भेगेतून गंजलेली सळई दिसते, ती लेपाने झाकायची नसते, तिची दुरुस्ती आधी करायची असते. आणि विटांच्या तुकड्यांचा जुना कोबा आत पाणी धरून ठेवतो. असा ओला कोबा वरून बंद केला की ऊन लागताच वाफ लेपाला उचलते आणि पुरीसारखे फुगे येतात. हे टाळायला संध्याकाळी अर्धा मीटर बाय अर्धा मीटर जाड प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांना टेप लावून गच्चीवर चिकटवायचा. सकाळी त्याच्या आतल्या बाजूला थेंब जमलेले दिसले किंवा खालचा कोबा काळपट झाला असेल, तर अजून वाळू द्यायचं. म्हणूनच हे काम एप्रिल-मेमध्ये, वळवाचे दिवस चुकवून करावं. जूनच्या पहिल्या आठवड्यात कोकणात पाऊस दारात उभा असताना ओल्या कोब्यावर घाईने मारलेला लेप पुढच्या उन्हाळ्यापर्यंत सहसा टिकत नाही.

शेवटचा हात वाळून आठवडाभर झाला की गच्चीत पाणी भरून पाहायचं. पाइपची तोंडं बंद करायची आणि वाटा बुडेल एवढं, तीन इंच पाणी भरून दोन दिवस ठेवायचं. तीन इंच पाण्याचं वजन चौरस मीटरला ७५ किलोच्या घरात जातं, त्यामुळे स्लॅब आधीच खराब झालेला असेल तर अभियंत्याला विचारल्याशिवाय भरू नये. पातळीची रेघ कठड्यावर पेन्सिलने मारून ठेवायची. मात्र मेच्या उन्हात पाणी नुसतं उडूनही रोज काही मिलिमीटर खाली जातं, त्यामुळे पातळी घटली म्हणजे गळती आहे असं लगेच धरू नका. शेजारीच पसरट घमेलं पाण्याने भरून त्यातही रेघ मारा. दोन्हीकडे सारखी घट झाली तर ती उन्हाची. गच्चीतली घट घमेल्यापेक्षा ठळकपणे जास्त असेल, तर पाणी कुठेतरी जातंय. भराभर खाली जाणारी पातळी एखाद्या उंचीला येऊन थांबली, तर भोक त्याच उंचीवर आहे. वाट्याच्या माथ्याशी थांबली तर तळ सोडून कठड्याची कड त्याच रेषेत तपासायची. शिल्लक ठेवलेले पाच लिटर आणि जाळीचा तुकडा तिथे कामी येतो: जागा वाळवून, चहूबाजूंनी हातभर घासून, पुन्हा जाळी आणि तीन हात. ठेकेदाराचा शेवटचा हप्ता या दुसऱ्या चाचणीनंतर द्यावा, आणि ते कोटेशनमध्ये पहिल्याच दिवशी लिहून घ्यावं.